बॅटरी किती मोठी? एका ऑफिस इमारतीच्या पीक डिमांडच्या नोंदी

६ मे २०२४, सोमवार

पुण्यातली सात मजली इमारत, तळमजल्यावर दुकानं, वर ऑफिसं. महावितरणचं उच्चदाब व्यावसायिक कनेक्शन, करार-मागणी, म्हणजे ओढायची ठरलेली कमाल मर्यादा, ८०० केव्हीए. कमिटीच्या चेअरमन साहेबांनी कुठल्याशा प्रदर्शनात बॅटरीचं कपाट पाहिलं आणि माझ्याकडे एका ओळीचं काम आलं: "डिमांड चार्ज कमी करायला किती मोठी बॅटरी लागेल तेवढं सांगा." विक्रेत्याने त्यांना आकडा आधीच दिलेला आहे, १०० किलोवॉट आणि २१५ युनिट. तो कुठून आला हे विचारलं तर उत्तर मिळालं, "आमचं स्टँडर्ड कपाट तेवढंच असतं."

आज फक्त बिलं वाचली. डिमांडचा दर मार्चपर्यंत केव्हीएला महिना ४९९ रुपये होता, एप्रिलपासून ५४९. हा दर कोणत्या आकड्याला लागतो ते आधी स्वतःसाठी लिहून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. सकाळी ६ ते रात्री १० या वेळात नोंदलेली महिन्याची सर्वोच्च डिमांड, मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वोच्च बिलिंग डिमांडचे ७५ टक्के, आणि करार-मागणीचा दर-आदेशात दिलेला टक्का, या तिन्हींत जो मोठा तो. म्हणजे उन्हाळ्यातलं शिखर हिवाळ्यातल्या बिलातही बसून राहतं. गेल्या डिसेंबरात या इमारतीने प्रत्यक्षात ५४८ केव्हीए ओढले होते. तिथे बॅटरी लावून ५०० केले असते, तरी बाकीच्या दोन आकड्यांचा तळ ५४८ च्या वर असेल तर एक रुपयाही वाचला नसता.

डिमांड म्हणजे क्षणाचा झटका नव्हे. आमच्या मीटरचा कालखंड ३० मिनिटांचा आहे. अर्ध्या तासात जेवढे केव्हीएएच, म्हणजे केव्हीए-तास, गेले त्याची दुप्पट, ती त्या खंडाची डिमांड. लिफ्ट सुरू होताना सुई उडते त्याने फारसं काही होत नाही. एसीचं पाणी थंड करणारा चिलर वीस मिनिटं जास्त ओढत राहिला तर होतं.

१५ मे, बुधवार

काल जे झालं ते मुद्दाम घडवून आणता आलं नसतं. सोमवारी १३ तारखेला मतदान होतं, त्यामुळे शनिवार, रविवार, सोमवार असे तीन दिवस ऑफिसं बंद होती. मे महिन्यात तीन दिवस एसीशिवाय तापलेले स्लॅब आणि भिंती. मंगळवारी सव्वानऊला दोन्ही चिलर एकदम सुरू केले आणि ते पूर्ण भारावर गेले.

मीटरच्या लोड सर्व्हेमधून कालचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे आकडे उतरवून घेतले. साडेनऊच्या खंडात ७४२, दहाच्या खंडात ७८१, साडेदहाला ७६५, अकराला ७२८, मग हळूहळू उतार. दुपारी एकला जेवणाच्या वेळी ६४० पर्यंत दरी. अडीचनंतर पुन्हा चढण, साडेतीनला ७३९, पाचला ६८४. म्हणजे सकाळी टोकदार सुळका आणि दुपारी रुंद पठार.

माझ्या लॉगरने मात्र ७७४ दाखवलं. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की लॉगरचं घड्याळ सहा मिनिटं मागे होतं, त्यामुळे खंडांच्या सीमा सरकल्या आणि सुळका दोन खंडांत वाटला गेला. घड्याळ मीटरशी जुळवलं. पुढे बॅटरीचा कंट्रोलर आला तर त्याच्यासाठीही हे लक्षात ठेवायचं, कारण तो चुकीच्या अर्ध्या तासाचं रक्षण करत बसेल.

मेचं बिल ठरल्यातच जमा आहे, ७८१ गुणिले ५४९, म्हणजे ४,२८,७६९ रुपये फक्त डिमांडचे. महिन्याच्या उरलेल्या दिवसांत काहीही केलं तरी हा आकडा खाली येणार नाही.

१७ मे, शुक्रवार

आता खरा हिशेब. एक मर्यादा धरायची आणि प्रत्येक खंडात तिच्यावर किती जातं ते मोजून अर्ध्याने गुणायचं. तेवढी ऊर्जा बॅटरीतून यायला हवी.

```
over = [max(0, b - limit) for b in blocks]
kvah = sum(over) * 0.5
```

१४ मेच्या दिवसावर चालवलं. मर्यादा ७४० धरली तर ४१ केव्हीए कापायला फक्त ३४ केव्हीएएच लागतात. मर्यादा ७०० वर आणली की आणखी ४० केव्हीए मिळतात, पण एकूण गरज १७८ वर जाते. ६६० वर आणली तर आणखी ४०, आणि गरज ४३०.

या तीन आकड्यांकडे बराच वेळ पाहत बसलो. पहिल्या टप्प्यात एक केव्हीए कापायला पाऊण युनिटाहून थोडी जास्त ऊर्जा पुरते, दुसऱ्यात साडेतीन युनिटांच्या वर, तिसऱ्यात सहाच्या वर. सुळक्याचं टोक छाटणं स्वस्त पडतं. त्याखाली पठार सुरू झालं की करवत आडवी फिरवावी लागते. बचत दर केव्हीएला ५४९ रुपये एवढीच राहते, बॅटरी मात्र युनिटाच्या भावाने विकत घ्यावी लागते. "किती किलोवॉट" हा प्रश्न त्यामुळे दुय्यम. हा दिवस किती रुंद आहे, हे आधी पाहायचं.

२२ मे, बुधवार

बॅटरीला हात लावण्याआधी एक शंका फेडून घ्यायची होती. बिलावर सरासरी पॉवर फॅक्टर, म्हणजे केव्हीएतला खरं काम करणारा वाटा, ०.९७ च्या वर दिसतो म्हणून कोणी त्याकडे पाहत नव्हतं. पण १४ तारखेला दहाच्या खंडात तो ०.९५ होता. म्हणजे ७८१ केव्हीएपैकी खरं काम करणारे ७४२ किलोवॉट, आणि सोबत काम न करता नुसते ये-जा करणारे २४४ केव्हीएआर.

इलेक्ट्रिशियनला घेऊन एपीएफसी पॅनेल उघडलं, म्हणजे कॅपॅसिटर जोडून पॉवर फॅक्टर आपोआप सुधारणारं कपाट. कंट्रोलरच्या पडद्यावर सगळे टप्पे "चालू" दिसत होते. क्लॅम्प मीटर लावत एकेक टप्पा तपासला, तर ५० केव्हीएआरच्या तीन टप्प्यांत करंट शून्य. दोन काँटॅक्टरचे पॉइंट जळलेले, आणि तिन्ही कॅपॅसिटरचे डबे वरून फुगलेले. एकाला बोट लावलं तर झाकण पापडासारखं वर आलेलं. कंट्रोलर बिचारा टप्पा जोडल्याचा हुकूम देत होता आणि पलीकडे कोणीच नव्हतं. नेहमीच्या भाराला उरलेले टप्पे पुरतात. दोन्ही चिलर एकत्र चालले की कमतरता उघडी पडते, नेमकी शिखराच्या वेळी. सरासरीत ती दिसणार नाहीच.

हे १५० केव्हीएआर परत आले तर २४४ चे ९४ होतात. ७४२ आणि ९४ यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की ७४८. म्हणजे ७८१ वरून ७४८, एकही सेल न लावता ३३ केव्हीए. इमारतीत मोटरचा वेग बदलणारे व्हीएफडी भरपूर आहेत, त्यांच्या हार्मोनिक्समुळे, म्हणजे करंटच्या बिघडलेल्या लहरींमुळे, जुने कॅपॅसिटर तापले असावेत. नवे, त्यापासून वाचवणाऱ्या ७ टक्क्यांच्या डीट्यून्ड रिअॅक्टरसह मागवले. बसवून सगळं मिळून १ लाख ८० हजार.

बॅटरीसाठी सर्वात स्वस्त असलेले ते पहिले ४१ केव्हीए होते ना, त्यातला मोठा घास कॅपॅसिटरनेच घेतला.

४ जून, मंगळवार

आज मतमोजणी, अर्धी इमारत टीव्हीसमोर. माझ्या दृष्टीने कालचा सोमवार महत्त्वाचा.

चिलर ऑपरेटर मामांना गेल्या आठवड्यात विचारलं होतं, सव्वानऊलाच का सुरू करता? म्हणाले, "साहेब, लोक साडेनऊला येतात. आधी लावला तर वरचे ओरडतात, बिल वाढतं म्हणून." पण टीओडी, म्हणजे वेळेनुसार बदलणारा वीजदर, पाहिला तर उलटं आहे. सकाळी ६ ते ९ ला अधिभार नाही, ९ ते १२ ला युनिटमागे ८० पैसे जास्त. लवकर सुरू करून इमारत थंड केलेली बरी. मग ठरवलं की सव्वासातला एक चिलर, आठला दुसरा, आणि साडेनऊला लोक आत येतील तेव्हा थंड पाण्याचं तापमान जागेवर आलेलं असेल.

काल, दोन दिवसांच्या सुट्टीनंतर, नवे कॅपॅसिटर लागलेले असताना सकाळचं शिखर साडेदहाच्या खंडात ६९८ आलं. सुळका मोडला.

मामा खूश नाहीत. त्यांना आता पावणेसातला घरून निघावं लागतं. त्यांच्या ड्यूटीचा प्रश्न कमिटीपुढे मांडला पाहिजे.

१८ जून, मंगळवार

हिशेबासाठी नवा नमुना दिवस तयार केला. सकाळ ३ जूनची, दुपार १४ मेची, पण कॅपॅसिटरच्या हिशेबाने सुधारलेली. दुपारचं ७३९ आता ७०७ होतं. असा दिवस प्रत्यक्षात घडलेला नाही, हे कागदावर ठळक लिहून ठेवलं आहे. शिवाय ३ जूनच्या आधी दोन दिवसांची सुट्टी होती, तीनची नव्हे.

आता सर्वोच्च आकडा दुपारचा ७०७. दिवस बुटका झाला, पण रुंदही झाला. बॅटरीच्या दृष्टीने आधीपेक्षा वाईट दिवस.

७०७ वरून ६६७ वर आणायचं, म्हणजे ४० केव्हीए. पॉवर फॅक्टर ०.९९ झाल्यामुळे केव्हीए आणि किलोवॉट इथे जवळपास एकच धरले. सकाळी मर्यादेवर साडेएकेचाळीस युनिटं जातात, दुपारी ७३. मधे बारा ते दोनच्या दरीत मर्यादेखाली सुमारे ६३ युनिटांची जागा आहे. सकाळी वापरलेली ऊर्जा परत भरायला, तोटा धरून, ४८ लागतील. बसतात. म्हणून बॅटरीला दोन्हींची बेरीज लागत नाही, दुपारचे ७३ उपयोगी युनिट पुरतात.

उपयोगी आणि पाटीवरचे युनिट यांत फरक आहे. ९० टक्क्यांपर्यंतच रिकामी करायची, आयुष्याच्या शेवटी क्षमता ८० टक्के उरेल असं धरायचं, आणि बाहेर पडताना इन्व्हर्टरमध्ये ५ टक्के जातील. तिन्हींचा गुणाकार ०.६८४. तेव्हा ७३ ला ०.६८४ ने भागून पाटीवर १०७ युनिट.

विक्रेत्याचं २१५ चं कपाट? त्यातून शेवटच्या वर्षी १४७ उपयोगी युनिट मिळतात. तीच रीत उलट चालवली तर मर्यादा ६५५ पर्यंतच खाली जाते. म्हणजे ५२ केव्हीए. बॅटरी दुप्पट, बचत १२ केव्हीएने जास्त. कारण एवढ्या खालच्या मर्यादेवर जेवणाची दरी अरुंद होते, सकाळची ऊर्जा पूर्ण परत भरता येत नाही, आणि दुपारी लढायला सकाळचाच शिधा पुरवावा लागतो. कपाटाचा १०० किलोवॉटचा इन्व्हर्टर तर निम्माच वापरात येईल.

१६ जुलै, मंगळवार

दरपत्रकं आली. ५० किलोवॉट आणि १०७ युनिटांच्या आसपासचा संच, बसवण्यासह २६ लाख. मोठं कपाट ४६ लाख.

बचत बारा महिने पूर्ण धरायची नाही, ही पहिल्या दिवसाची नोंद इथे कामाला आली. सात महिने प्रत्यक्ष डिमांड बिलात लागते असं धरलं. उरलेल्या पाच महिन्यांत ७५ टक्क्यांचा तळ लागतो, म्हणून उन्हाळ्यात कापलेल्या ४० चे तिथे ३० मिळतात, तेही करार-मागणी उतरवून घेतली तरच. लहान संचाला वर्षाला २ लाख ३६ हजार, मोठ्याला ३ लाख ७ हजार. परतफेड अनुक्रमे ११ आणि १५ वर्षं. हमी दोघांचीही १० वर्षांची.

विक्रेत्याचा माणूस म्हणाला, "टीओडीची बचत धरा की, रात्री स्वस्त भरायची, संध्याकाळी वापरायची." धरून पाहिली. रात्री १० ते सकाळी ६ युनिटमागे दीड रुपया सूट, संध्याकाळी ६ ते १० एक रुपया दहा पैसे अधिभार. फरक २ रुपये ६० पैसे. पण एक युनिट बाहेर काढायला सुमारे सव्वा नाही तरी १.१५ युनिट आत घालावं लागतं. युनिट १२ रुपये धरलं तर आत घालायला १२ रुपये ८ पैसे, बाहेर काढल्यावर १३ रुपये १० पैसे. हातात राहतो एक रुपया. रोज ७० युनिटं फिरवली तर वर्षाला वीस-पंचवीस हजार, आणि त्यासाठी बॅटरीचं एक आवर्तन रोज झिजवायचं. त्याने गणित हलत नाही. तो गप्प झाला, पण रागावला नाही. चांगला मुलगा आहे.

माझी शिफारस अशी गेली: या इमारतीला २१५ चं कपाट कोणत्याही भावात मोठंच आहे. लहान संच १६ लाखांच्या आत आला तर परतफेड सात वर्षांच्या आत बसेल, तेव्हा विचार करू. तोवर पावसाळा आणि ऑक्टोबरचे खरे आकडे गोळा करू.

चेअरमन साहेबांचा चेहरा थोडा पडला. कपाटाची जागासुद्धा पार्किंगमध्ये आखून झाली होती.

९ ऑक्टोबर, बुधवार

बॅटरी कागदावरच आहे, पण तिला रोज चालवतो आहे. मीटरचे आकडे घेऊन संध्याकाळी फेरचाल करतो. नियम एकच, कंट्रोलरला पुढचं काही माहीत नसावं. आधीच्या हिशेबात मी संपूर्ण दिवस समोर ठेवून मर्यादा काढली होती. खऱ्या कंट्रोलरला ती चैन नसते.

सप्टेंबर निर्विघ्न गेला. काल मात्र बॅटरी हरली. ऑक्टोबरसाठी मर्यादा ६५० ठेवली होती. चौथ्या मजल्यावरच्या भाडेकरूंचा तळमजल्याच्या अंगणात दुपारी कार्यक्रम होता. मांडवाला तात्पुरते एसी, वर जेवणाचे गरम काउंटर. त्यामुळे एक ते दोनची दरी आलीच नाही. सकाळी वापरलेली ऊर्जा परत भरायला जागा मिळाली नाही, पावणेचारच्या सुमारास बॅटरी रिकामी, आणि चारच्या खंडात ६८३.

बॅटरीशिवाय महिन्याचं शिखर ६९० झालं असतं. म्हणजे ४० केव्हीएच्या जागी फक्त ७ वाचले. एका अर्ध्या तासाने महिन्याचे १८ हजार रुपये नेले. बाकीचे दिवस तिने कितीही चोख काम केलं, तरी बिलात ते दिसत नाही.

याला दोन उपाय आहेत. मर्यादा थोडी वर ठेवायची, ६६५ च्या आसपास, म्हणजे बचत ४० ऐवजी २५ पण हरण्याची शक्यता कमी. किंवा बॅटरी संपत आली आणि दरी आलेली नसेल तर कंट्रोलरने स्वतःच मर्यादा वर सरकवायची, म्हणजे पूर्ण रिकामी होऊन उघडं पडण्यापेक्षा थोडं थोडं हरायचं. दुसरा उपाय फेरचालीत चालवून पाहिला तर कालचं शिखर ६७२ वर थांबलं. १६ लाखांची माझी अट पूर्ण ४० केव्हीएच्या बचतीवर होती. आता ती वार्षिक बचतीतून दोन-तीन असे महिने वजा करून पुन्हा मांडायला हवी, म्हणजे भाव आणखी खाली यावा लागेल.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

काल विधानसभेचं मतदान, ऑफिसं बंद. मे आठवून मुद्दाम सकाळी दहाला मीटर रूममध्ये गेलो. आकडा चढत होता. साडेदहाच्या खंडात ६१२. या महिन्यात आजवर ५७५ च्या वर काही गेलं नव्हतं.

मामांना गाठलं. "काल सुट्टी होती ना साहेब, आज लोक उशिरा येतील असं वाटलं. नऊला लावले." दोघांनी उभ्या उभ्या हिशेब केला. मेच्या ७८१ चे ७५ टक्के ५८६ होतात, तो तळ या महिन्यात धरलेलाच आहे. म्हणून तोटा ३७ चा नाही, ६१२ उणे ५८६, म्हणजे फार तर २६ चा. तरी १४ हजारांच्या घरात. मामांनी कपाळाला हात लावला.

आणि हेही लिहून ठेवतो, की आजचा सुळका बॅटरीने सहज गिळला असता. दीड तासाचा, अरुंद, मागे पुढे भरपूर मोकळी जागा. तिला हवा असतो तसा दिवस.

संध्याकाळी इमारतीची यंत्रं चालवणाऱ्या बीएमएस प्रणालीत चिलरचं वेळापत्रक टाकून घेतलं. सोमवारी आणि सुट्टीनंतरच्या दिवशी ७:१५, एरवी ७:४५. सुट्ट्यांची यादी मामांकडून भरून घेतली. त्यांनी तिच्यात आपल्या गावच्या जत्रेचे दोन दिवसही घातले होते, ते काढले. करार-मागणी उतरवण्याचा अर्ज मे पाहिल्याशिवाय करायचा नाही, असं कमिटीत ठरलं. विक्रेत्याचा फोन येऊन गेला, जानेवारीत नवा भाव देतो म्हणाला. फेरचालीची फाइल चालूच ठेवली आहे.